सस्कॅचवानमध्ये एकरी बारा क्विंटल गहू परवडतो कसा?

प्रश्न: माझा भाचा कॅनडात सस्कॅचवानला एका शेतावर कामाला लागलाय. सहा हजार एकर, माणसं पाच. तो सांगतो की गहू एकरी बारा क्विंटल होतो. पंजाबात तर वीसच्या आसपास काढतात. मग हे लोक खत-पाणी वाढवून उत्पादन का वाढवत नाहीत? आणि जेमतेम महिनाभर चालणारी तीन-तीन कम्बाइन विकत कशाला घेतात? आपल्याकडे पंजाबची हार्वेस्टरं भाड्याने येतात, तसं का नाही करत? हिशेब समजत नाही.

उत्तर:

मी याच भागात, सस्कॅचवानच्या पश्चिम-मध्य पट्ट्यात, गहू, कनोला हे मोहरीच्या कुळातलं तेलबी पीक आणि मसूर पिकवणाऱ्या शेतांना पीक सल्ला देतो. भाच्याने सांगितलेला आकडा बरोबर आहे. इथे गहू बुशेलमध्ये मोजतात. एक बुशेल म्हणजे सव्वासत्तावीस किलो. एकरी ४५ बुशेल हे बऱ्या वर्षाचं पीक, आणि ते सव्वाबारा क्विंटल भरतं.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. पहिली पाण्याची, दुसरी दिवसांची. एकरी उत्पादन पाण्यामुळे अडतं आणि यंत्रांचा आकार दिवसांमुळे ठरतो. इथे जमीन मुबलक आहे, भांडवल कर्जाने मिळतं. काम करता येतील असे दिवस मात्र कुठे विकत मिळत नाहीत. हे धरून पुढचा हिशेब वाचा.

आधी पाणी. या पट्ट्यात वर्षाला ३५० ते ४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला काही भाग हिवाळ्यात बर्फ होऊन येतो. गहू मे महिन्यात पेरतात आणि ऑगस्टच्या अखेरीपासून कापतात. म्हणजे पिकाला दोनच ठिकाणांहून पाणी मिळतं: बर्फ वितळून जमिनीत मुरलेली ओल आणि मे ते ऑगस्टमधला पाऊस. आम्ही एक ठोकताळा वापरतो. पहिलं १२५ मिलिमीटर पाणी नुसतं रोप उभं करण्यात जातं, त्यातून दाणा मिळत नाही. त्यानंतरच्या प्रत्येक २५ मिलिमीटरला एकरी साधारण पावणेदोन क्विंटल गहू येतो. समजा, वसंतात जमिनीत १०० मिलिमीटर ओल आहे आणि हंगामात २०० मिलिमीटर पाऊस झाला. तीनशेतून सव्वाशे वजा केले की १७५ उरतात, म्हणजे २५चे सात हप्ते आणि एकरी सव्वाबारा क्विंटल. पाऊस ११० मिलिमीटरवरच थांबला, तर याच हिशेबाने एकरी सहा क्विंटल हाती येतात. २०२१च्या दुष्काळात कॅनडाचं गव्हाचं एकूण उत्पादन एका वर्षात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटलं. त्यामागे हेच गणित होतं.

हा ठोकताळा सगळीकडे सारखा लागू होत नाही. पाऊस कधी पडला याला मोठं महत्त्व आहे. जूनमध्ये, ओंबी पोटात असताना पडलेला पाऊस सोन्याचा. ऑगस्टच्या शेवटी पडलेला तेवढाच पाऊस नुकसान करतो. त्याबद्दल पुढे लिहितो. माती भारी की हलकी, यावरही बरंच ठरतं. पण मूळ मुद्दा यावरून स्पष्ट व्हावा. पाण्यावर अडलेल्या पिकाला जास्त नत्र दिलं, तर पाला वाढतो, पाला जमिनीतलं पाणी लवकर उपसून संपवतो आणि दाणा भरायच्या वेळी ओल उरत नाही. पाऊस चांगला झाला तर तेच जादा नत्र पीक लोळवतं आणि पिकायला उशीर लावतं. म्हणून इथे एकरी साधारण ३५ किलो नत्र देतात. तेही आधी मातीची तपासणी करून, जमिनीत शिल्लक किती आहे ते वजा केल्यावर.

ओलिताचं म्हणाल, तर सस्कॅचवान नदीच्या दक्षिण फाट्यावर गार्डिनर धरण आहे आणि त्याच्या आसपास ओलिताची शेती होतेही. पण लाखो एकर पसरलेल्या, जवळपास सपाट आणि नदीपासून लांब असलेल्या जमिनीवर पाणी उचलून नेण्याचा खर्च गव्हाच्या भावात निघत नाही. जिथे पाणी पोहोचतं, तिथे लोक बटाट्यासारखी जास्त पैसे देणारी पिकं घेऊ पाहतात.

त्यामुळे इथला शेतकरी पाणी वाढवायच्या मागे लागत नाही, आहे ते वाचवतो. पूर्वी दर दोन-तीन वर्षांतून एकदा जमीन पडीक ठेवून नांगरत असत, म्हणजे वर्षभराची ओल साठेल अशी समजूत. उघड्या मातीतून बरंचसं पाणी उडून जायचं. १९३०च्या दशकातल्या दुष्काळात तर ती मातीच वाऱ्यावर उडाली. गेल्या तीस-चाळीस वर्षांत बहुतेक शेतांनी नांगरट सोडली. कापणीच्या वेळी गव्हाची धसकटं वीतभर उंच उभी ठेवतात. ती हिवाळ्यात वाऱ्याने उडणारा बर्फ अडवतात आणि वसंतात तोच बर्फ तिथे मुरतो. पुढची पेरणी त्या धसकटांमध्येच होते. नांगराची एक पाळी टाळली की १०-२० मिलिमीटर ओल वाचते. वरच्या ठोकताळ्यात घालून बघा, एकरी क्विंटलभर गहू केवळ न नांगरल्यामुळे मिळतो, शिवाय डिझेल वाचतं. या पद्धतीचा कमकुवत दुवा म्हणजे तण. नांगर नाही म्हणून सगळी भिस्त तणनाशकावर, आणि कोशिया नावाचं तण आता ग्लायफोसेटला दाद देत नाही. काही शेतांवर या एका तणामुळे पिकांचा फेरपालट बदलावा लागला आहे.

आता दिवसांकडे येतो. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

आमच्याकडे वसंतातली शेवटची फ्रॉस्ट, म्हणजे पानावरचं दव गोठवणारी थंडी, मेच्या अखेरपर्यंत येऊ शकते. शरदातली पहिली सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच गाठते. मधे साधारण ११० दिवस उरतात आणि वसंती गव्हाला पेरल्यापासून पिकायला ९५ ते १०५ दिवस लागतात. गव्हाच्या कोवळ्या रोपाचा वाढीचा कोंब बरेच दिवस जमिनीखाली असतो, त्यामुळे मेमधली फ्रॉस्ट तो सोसतो. सप्टेंबरमधली मात्र नाही. दाणा चिकात असताना तापमान शून्याखाली दोन-तीन अंश गेलं की दाणा सुरकुततो आणि प्रत घसरते. म्हणून जमीन पाच अंशांपर्यंत तापली आणि वाफसा आला की पेरणी सुरू करायची आणि मे संपायच्या आत आटपायची. वाफसा शब्द तुमच्या परिचयाचा आहे. फरक एवढाच, की विदर्भात पेर साधली नाही तर दुबार पेरणीचं संकट येतं, इथे उशीर झाला तर दुसरी संधीच नसते.

एका सहा हजार एकरांच्या शेताचा हिशेब मांडतो. सस्कॅचवानमधलं सरासरी शेत २०२१च्या कृषी गणनेनुसार १,७०० एकरांहून थोडंच मोठं आहे, म्हणजे तुमच्या भाच्याचं शेत मोठ्यांपैकी आहे. पण असल्या शेतांवरच इथलं बरंचसं धान्य पिकतं. समजा, २,४०० एकर गहू, २,००० एकर कनोला आणि १,६०० एकर मसूर.

पेरणी एअर ड्रिलने होते. मागे किंवा पुढे एक मोठी टाकी, तिच्यात बियाणं आणि खतं वेगवेगळ्या कप्प्यांत. हवेच्या झोताने ते नळ्यांतून प्रत्येक फाळापर्यंत जातं. फाळ एकाच फेरीत बियाणं दोन-अडीच इंचांच्या आत टाकतो, नत्र त्याच्या बाजूला आणि थोडं खाली ठेवतो, आणि मागचं चाक माती दाबतं. ड्रिलची रुंदी २१ मीटर, वेग ताशी साडेसात किलोमीटर. गुणाकार केला तर तासाला ३९ एकर होतात. वळणं, टाकी भरणं, अडकलेली नळी मोकळी करणं यांत पाव वेळ जातो, म्हणून हाती तासाला ३० एकरांच्या आसपास येतात. मेमध्ये दिवस मोठा असतो, चालक पाळीने बसतात आणि जीपीएसवर ट्रॅक्टर सरळ चालतो. दिवसाचे चौदा तास धरले तर ४०० ते ४२० एकर. सहा हजार एकरांना पंधरा पूर्ण दिवस लागले. पाऊस, वारा, मोडतोड धरून कॅलेंडरवर तीन आठवडे. मे महिना भरला.

आता निम्म्या रुंदीचं ड्रिल घ्या. किंमत बरीच कमी होईल, पण पंधराचे तीस कामाचे दिवस होतील आणि शेवटचे हजार-दोन हजार एकर जूनच्या मध्यावर पेरले जातील. त्या एकरांवरचा गहू सप्टेंबरच्या फ्रॉस्टच्या तोंडी सापडेल. मोठ्या ड्रिलचे जादा पैसे हे त्या उशिराच्या एकरांचं मोल आहे.

या हिशेबात एक गोष्ट नवख्यांच्या नजरेतून सुटते. गव्हाला एकरी ५५ किलो बियाणं आणि युरिया-फॉस्फेट मिळून शंभरेक किलो खत लागतं. दिवसाला ४२० एकर म्हणजे ६५ टनांच्या वर माल शेताच्या कडेला वेळेवर पोहोचला पाहिजे. टाकीत वीस टन मावतात, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा भरावी लागते. प्रत्येक भरण्याला पाऊण तास लागला तर दिवसाला शंभर एकरांच्या आसपास पेरणी बुडाली. म्हणून पाचांपैकी एक माणूस पेरणीभर फक्त ट्रक आणि टाकी सांभाळतो. ट्रॅक्टर चालवणं त्या मानाने सोपं. भाच्याला या कामावर ठेवलं असेल तर कमीपणा मानू नये, शेताचा वेग त्याच्या हातात आहे.

कापणीचं गणित याहून कडक. १२ मीटरचा हेडर, म्हणजे पुढचा कापणारा भाग, लावलेलं कम्बाइन ताशी साडेसहा किलोमीटरने चाललं तर, पाव वेळ वजा करून, तासाला साडेचौदा एकर कापतं. पण कापणीला पेरणीसारखे चौदा तास मिळत नाहीत. सकाळी दव वाळेपर्यंत अकरा-बारा वाजतात आणि रात्री दहाच्या सुमाराला काड पुन्हा सर्द होऊन मळणीच्या भागात गुंडाळू लागतं. नऊ-दहा तासांत एका कम्बाइनचे १४० एकर. एकच कम्बाइन असेल तर सहा हजार एकरांना ४३ कोरडे दिवस लागतील. दोन असतील तर एकवीस-बावीस, तीन असतील तर चौदा-पंधरा.

मग कोरडे दिवस मिळतात किती? ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कॅलेंडरवर साठ दिवस दिसतात. चांगल्या वर्षी त्यांतले चाळीस चालतात आणि दोन कम्बाइन आरामात पुरतात. वाईट वर्षी सप्टेंबरमध्ये दोन कोरडे दिवस, मग चार ओले, असं चालतं. २०१९चा हंगाम तसा होता. पाऊस आणि लवकर आलेला बर्फ यांनी कापणी इतकी लांबवली की प्रेअरीवर, म्हणजे पश्चिम कॅनडाच्या या सपाट शेतीपट्ट्यात, पुष्कळ पीक बर्फाखाली राहिलं आणि २०२०च्या वसंतात कापावं लागलं. तिसरं कम्बाइन अशा वर्षासाठी असतं. बाकीच्या वर्षी ते जवळपास जास्तीचंच वाटतं.

त्यासाठी एवढे पैसे अडकवायचे का, हे ठरवायला पावसाने नेमकं काय बिघडतं ते बघावं लागेल. पिकलेला गहू उभा असताना भिजला की दाण्यातला अंकुर जागा होतो आणि आल्फा-अमायलेज नावाचं विकर स्टार्च तोडायला लागतं. डोळ्यांना कोंब दिसत नाही तेव्हाही हे सुरू झालेलं असतं. अशा पिठाच्या पावाचा आतला भाग चिकट होतो. खरेदीदार ते ‘फॉलिंग नंबर’ने तपासतात. पीठ-पाण्याची लापशी गरम करून तिच्यातून एक दांडी खाली पडायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. निर्यातीच्या करारांत बहुधा ३०० सेकंदांची अट असते. दोनशेवर आला की तो गहू पावाच्या गिरणीसाठी उतरला. शेतात उभं राहून ओळखायचं असेल तर ओंबी तळहातावर चोळा. दाण्याची लालसर चकाकी जाऊन पांढुरका, खरखरीत झाला असेल आणि अंकुराकडची साल फुगली किंवा फाटली असेल, तर तिथे थांबू नका, ते शेत आधी कापायला घ्या.

आता पैसे. या २,४०० एकरांवर एकरी ४५ बुशेलने १ लाख ८ हजार बुशेल गहू होतो. पहिल्या प्रतीचा गहू आणि जनावरांच्या खाद्याला जाणारा गहू यांच्या भावातला फरक दरवर्षी वेगळा असतो. समजा, तो बुशेलला दीड डॉलर आहे. सगळा गहू खाली घसरला तर १ लाख ६२ हजार डॉलर गेले, अर्धा घसरला तर ८१ हजार. हे फक्त गव्हाचं झालं, कनोला आणि मसुराचं नुकसान वेगळं. चांगल्या स्थितीतलं जुनं कम्बाइन नव्याच्या निम्म्याहूनही कमी किमतीत मिळतं. एखाद-दुसऱ्या वाईट वर्षात ते आपली किंमत बरीचशी परत देतं. म्हणूनच माझ्या माहितीतली बरीच शेतं दोन नवी आणि एक जुनं अशी जोडी ठेवतात.

हा निर्णय सगळ्यांसाठी सारखा नाही. तीन हजार एकरांच्या शेताला दुसरं कम्बाइनसुद्धा जड जाऊ शकतं. तिथे शेजाऱ्याशी भागीदारी किंवा लवकर-उशिरा पिकणाऱ्या पिकांचं वाटप जास्त उपयोगी पडतं. मसूर ऑगस्टमध्ये आधी तयार होतो, मग गहू, मग कनोला. पिकं वेगवेगळ्या वेळी पिकल्यामुळे तीच यंत्रं जास्त दिवस वापरता येतात. फेरपालट रोगासाठी करतात हे खरं, पण कापणीच्या वेळापत्रकासाठीही करतात.

भाड्याच्या हार्वेस्टरचा प्रश्न तुम्ही योग्य विचारलात. आपल्याकडे ती यंत्रं येतात कारण गहू आणि सोयाबीन वेगवेगळ्या भागांत पुढेमागे तयार होतात आणि यंत्र गावोगाव हंगामाबरोबर फिरू शकतं. अमेरिकेतही असंच चालतं. भाडोत्री कापणीवाले मेच्या शेवटी टेक्सास-ओक्लाहोमात हिवाळी गव्हापासून सुरू करतात आणि पिकत जाणाऱ्या गव्हामागे उत्तरेला सरकत ऑगस्टमध्ये नॉर्थ डकोटा-मोंटानापर्यंत येतात. सस्कॅचवान त्या वाटेच्या अगदी टोकाला आहे. इथे सगळ्यांची पेरणी त्याच तीन आठवड्यांत झालेली असते, म्हणून सगळ्यांचा गहू जवळपास एकाच वेळी पिकतो, आणि ज्या दोन कोरड्या दिवसांत मला यंत्र हवं असतं त्याच दिवसांत शेजाऱ्यालाही हवं असतं. भाड्याचं यंत्र मिळतं, लोक घेतातही, पण मूळ भरवसा त्यावर ठेवता येत नाही. भाडं महाग पडतं म्हणून नव्हे, यंत्र हवं त्या दिवशी मिळेल याची खात्री नाही म्हणून.

इथपर्यंतचं थोडक्यात: एकरी बारा क्विंटल ही पावसाने घातलेली मर्यादा आहे, खताने ती ओलांडता येत नाही. म्हणून एका माणसामागे एकर वाढवतात, आणि एकर वाढवले की थोड्या दिवसांत काम उरकायला मोठी यंत्रं लागतात. यंत्राचा आकार सरासरी वर्षावर ठरत नाही, वाईट वर्षावर ठरतो.

अजून एक तुकडा राहिला, आणि माझ्या अनुभवात नफा-तोटा बऱ्याचदा तिथे ठरतो: कापल्यानंतर धान्याचं काय होतं.

कोरडे दिवस कमी असल्यामुळे गहू पूर्ण वाळायची वाट बघत नाहीत. कॅनडात साडेचौदा टक्के ओलावा ही ‘कोरड्या’ गव्हाची हद्द आहे. शेतकरी सतरा-अठरा टक्क्यांवरच कापायला लागतात आणि उरलेलं काम ड्रायर किंवा कोठीच्या पंख्यावर सोडतात. कोठ्या म्हणजे शेतावरचे पत्र्याचे गोल बिन, खाली छिद्रांचा तळ आणि पंखा. इंधनाचा खर्च होतो, पण प्रत वाचते. चूक होते ती पुढे. साडेचौदा टक्क्यांचा गहू ऑगस्टच्या उन्हात तीस अंशांवर कोठीत गेला आणि कोरडा आहे म्हणून पंखा लावलाच नाही, तर हिवाळ्यात तो बिघडू शकतो. बाहेर उणे तीस झालं की भिंतीलगतचं धान्य थंड होतं, मधलं गरम राहतं. थंड हवा कडेने खाली उतरते, मधून वर चढते आणि वरच्या थंड थराला लागून तिथे ओल सोडते. जानेवारीत कोठीचं झाकण उघडून बघा. मधोमध दाण्यांची खपली धरली असेल, आंबूस वास येत असेल, किंवा आतल्या तापमापकाची तार एकाच ठिकाणी आठवड्याला दोन-तीन अंश चढत असेल, तर ताबडतोब वरचा भाग ट्रकमध्ये काढून धान्य हलवा. कापणीनंतर लगेच पंखा लावून गहू पंधरा अंशांखाली आणला की हा त्रास बहुतेक वेळा टळतो. कनोला याबाबतीत गव्हापेक्षा फार नाजूक आहे. तेलबी असल्याने तो दहा टक्क्यांवरही तापू शकतो.

कोठ्यांची गरज दुसऱ्या कारणानेही आहे. सस्कॅचवानला समुद्र नाही. इथलं बरंचसं धान्य रेल्वेने दीड हजारांहून जास्त किलोमीटर, रॉकी पर्वत ओलांडून, व्हँकूव्हरला जातं. काही पूर्वेला थंडर बे बंदरात जाऊन ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांच्या मार्गाने निघतं, पण तो मार्ग हिवाळ्यात गोठतो. गावातल्या एलिव्हेटरवर, म्हणजे धान्य विकत घेऊन साठवणाऱ्या केंद्रावर, शेतकऱ्याला मिळणारा भाव दोन भागांनी बनतो. एक, अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या वायदेबाजारातला वसंती गव्हाचा भाव. दुसरा, त्यातून वजा होणारा ‘बेसिस’. त्यात रेल्वेभाडं, एलिव्हेटरचा खर्च आणि व्यापाऱ्याचा नफा येतो, आणि रेल्वेची कोंडी झाली की तिची किंमतही त्यातच चढते. पहिला भाग जग ठरवतं. दुसऱ्यावर शेतकऱ्याला थोडं नियंत्रण मिळतं, फक्त थांबायची ताकद असेल तर.

२०१३ साली प्रेअरीवर विक्रमी पीक आलं. त्यानंतरच्या कडक हिवाळ्यात रेल्वे पुरी पडेना, एलिव्हेटर भरले आणि बेसिस इतका रुंदावला की व्हँकूव्हरला भाव चांगला असताना गावात तो पडलेला होता. शेवटी मार्च २०१४मध्ये केंद्र सरकारला आदेश काढावा लागला की दोन्ही मोठ्या रेल्वे कंपन्यांनी आठवड्याला प्रत्येकी किमान ५ लाख टन धान्य वाहावं. २०१२पर्यंत गहू कॅनेडियन व्हीट बोर्डामार्फतच विकावा लागायचा. ती सक्ती उठून तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती, आणि केव्हा विकायचं हा निर्णय आता शेतकऱ्यांच्या स्वतःच्या हातात होता. ज्यांच्याकडे पुरेशा कोठ्या होत्या आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर नव्हता, ते थांबू शकले. बाकीच्यांनी जो भाव होता त्यावर गहू दिला.

थांबण्यानेही दर वेळी फायदा होत नाही. महाराष्ट्राशी थेट संबंध असलेलं उदाहरण मसुराचं. आपल्याकडच्या आमटीतली मसूरडाळ बऱ्याचदा याच मातीतून आलेली असते. भारताने नोव्हेंबर २०१७मध्ये पिवळ्या वाटाण्यावर ५० टक्के आणि डिसेंबरमध्ये मसूर-हरभऱ्यावर ३० टक्के आयातशुल्क लावलं. आधी विकलेल्यांना त्याची झळ लागली नाही, भाव आणखी वाढेल म्हणून कोठीत धरून ठेवलेल्यांचा माल अडकला. तेव्हापासून मी शेतांना सांगतो की अंदाजे पिकाचा तिसरा हिस्सा पेरणीच्या आसपासच करार करून विकून टाका. गव्हाला चार-पाच बाजार आहेत, तिथे थांबता येतं. मसुराचा मोठा गिऱ्हाईक एकच देश असेल, तर त्या देशाच्या पावसाकडे आणि शुल्काकडे बघून विकावं लागतं.

भाच्याला दोन गोष्टी विचारा, म्हणजे त्याच्या शेताची तब्येत तुम्हाला घरबसल्या कळेल. सगळ्या कोठ्यांत मिळून किती बुशेल मावतात आणि वर्षाचं एकूण पीक किती येतं? कोठ्या पिकाच्या निम्म्याला पुरत नसतील, तर मालकाला कापणीच्या दिवसांत, बेसिस सर्वांत वाईट असताना, गहू द्यावा लागत असणार. आणि गेल्या हंगामात शेवटचं शेत कोणत्या तारखेला कापून झालं? सप्टेंबर संपायच्या आत झालं असेल, तर तीन कम्बाइन त्या एकरांना पुरतात. दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर जात असेल, तर मालकाने जमीन यंत्रांच्या आवाक्याबाहेर वाढवली आहे. मग पुढच्या वर्षी त्याला हजारभर एकर भाड्याने घेतलेली जमीन सोडायची की चौथं कम्बाइन घ्यायचं, हे ठरवावं लागेल.